धागा: सेल्फ असेसमेंट टॅक्स भरला, पैसे कापले, पण एआयएसमध्ये नोंद दिसत नाही. कुठे शोधायचं?

मलप्रभा_काठ (खानापूर) · २५ जुलै २०२५, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नसाठी हिशोब केला तेव्हा टीडीएस वजा जाता १८,४६० रुपये भरायचे निघाले. सोमवारी, २१ तारखेला, आयकराच्या पोर्टलवरून नेट बँकिंगने भरले. खात्यातून लगेच कापले गेले, चलनाची पावतीही उतरवून घेतली. आता रिटर्न भरायला बसलो तर आधीच भरून येणाऱ्या माहितीत ही रक्कम नाही. एआयएस उघडलं, २०२४-२५ निवडलं, तिथेही नाही. २६एएस मध्ये टीडीएस सगळा आहे, पण हे १८,४६० नाहीत.

पैसे नेमके कुठे अडकलेत ते कसं कळायचं? थांबायचं किती दिवस? की परत भरायचे?

---

शहापूरकर · सकाळी १०.०५

२६एएस च्या भाग क मध्ये बघा की. अॅडव्हान्स टॅक्स आणि सेल्फ असेसमेंट दोन्ही तिथेच येतात. तिथे दिसेपर्यंत रिटर्नला हात लावू नका. नाहीतर सरळ परत भरून मोकळे व्हा, जादाचे परत मिळतात.

---

चलनवाला_बेळगाव · सकाळी १०.५०

शहापूरकर, भाग क ची गोष्ट जुनी झाली. कर निर्धारण वर्ष २०२३-२४ पासून ट्रेसेसवरच्या २६एएस मध्ये फक्त टीडीएस-टीसीएस दिसतो. आपण स्वतः भरलेला कर एआयएसमध्ये गेला. त्यामुळे २६एएस कोरं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते कोरंच असणार.

आणि परत तर अजिबात भरू नका. पहिली रक्कम चुकीच्या जागी पडली असेल तर ती आपोआप परत येत नाही. त्या जागेवर कोणी मागेपर्यंत नुसती पडून राहते.

मलप्रभा, शोध या क्रमाने घ्या. पोर्टलवर लॉगिन करून e-File मधून e-Pay Tax उघडा. तिथे Saved Drafts, Generated Challans आणि Payment History असे वेगवेगळे टॅब आहेत. तुमचं चलन Generated Challans मध्येच असेल तर बँकेने पैसे कापले तरी सरकारच्या लेखी भरणा झालेला नाही, मग बँकेशी बोलायचं. Payment History मध्ये असेल तर पैसे पोचले, आता प्रश्न फक्त नोंद कुठे पडली एवढाच. पावती उतरली म्हणताय म्हणजे दुसरंच असावं.

Payment History मधून ती पावती पुन्हा उतरवा आणि पहिल्या काही ओळी जशाच्या तशा इथे लिहा. पॅन, बीएसआर कोड आणि सीआयएन तेवढे टाकू नका.

---

गोकाक_रिटायर्ड · सकाळी ११.२०

माझीही तीच तक्रार आहे. मुदत ठेवीच्या व्याजावर बँकेने मार्चमध्ये कर कापला, २६एएस मध्ये अजून नाही. म्हणजे पोर्टलचाच घोटाळा दिसतो.

---

चलनवाला_बेळगाव · सकाळी ११.३५

काका, तुमची वाट वेगळी आहे. तो टीडीएस. तो तुम्ही भरलेला नाही, बँकेने कापून भरला आणि बँकेच्या तिमाही विवरणातून तुमच्या नावावर चढतो. मार्चच्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत द्यायचं असतं, म्हणजे आत्तापर्यंत दिसायला हवं. शाखेत जाऊन फॉर्म १६ए मागा आणि त्यांच्याकडे तुमचा पॅन बरोबर नोंदलाय का ते आधी बघा. चलनाच्या दुरुस्तीचा तुम्हाला उपयोग नाही.

---

मलप्रभा_काठ · दुपारी १.१५

Payment History मध्ये आहे. पावतीवर असं आहे:

```
Assessment Year : 2024-25
Major Head      : Income Tax (Other than Companies) (0021)
Minor Head      : Self-Assessment Tax (300)
Amount          : ₹ 18,460
Tender Date     : 21/07/2025
Challan No      : 00417
```

सगळं बरोबर वाटतंय. २०२४-२५ च्या उत्पन्नाचा कर, २०२४-२५ मध्येच भरलाय.

---

चलनवाला_बेळगाव · दुपारी १.४०

सापडलं. पहिल्याच ओळीत आहे.

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची कमाई म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५. त्याचं कर निर्धारण वर्ष २०२५-२६. पैसे भरताना पोर्टल कर निर्धारण वर्ष विचारतं, तुम्ही तिथे आर्थिक वर्षाचा आकडा निवडलात. एआयएस उघडताना मात्र आर्थिक वर्षाची यादी समोर येते. दोन पानांवर दोन वेगळी वर्षं विचारतात, त्यामुळे तोच आकडा दोन्हीकडे दिसला की डोळा फसतो. जून-जुलैत ही गफलत सर्रास होते.

खात्री करून घ्या. एआयएसमध्ये आर्थिक वर्ष २०२३-२४ निवडा आणि Payment of Taxes हा टॅब उघडा. तुमचे १८,४६० तिथे बसलेले असतील, किंवा एक-दोन दिवसांत दिसतील. पैसे सुरक्षित आहेत, पण मागच्या वर्षाच्या खात्यात आहेत. ते वर्ष तुम्ही आधीच रिटर्न भरून मिटवलेलं असणार, म्हणून तिथे त्यांना कोणी वाली नाही.

आता महत्त्वाचं. कर निर्धारण वर्ष ऑनलाइन बदलायची मुदत चलन भरल्याच्या तारखेपासून ७ दिवस. तुमची २१ तारीख, म्हणजे २८ ला दार बंद. आज २५. दिवस कसे मोजतात याचा काथ्याकूट नको, आजच अर्ज टाका.

---

निपाणी_तंबाखू_बाजार · दुपारी १.५५

सात दिवस वर्षाला. मेजर हेड आणि मायनर हेड बदलायला तीस दिवस असतात ना?

---

चलनवाला_बेळगाव · दुपारी २.१०

होय, हेडना ३० दिवस. पण यांचे दोन्ही हेड बरोबर आहेत, वर्ष तेवढं चुकलंय.

मलप्रभा, Services मेनूत Challan Correction आहे. नवीन अर्ज सुरू केला की काय बदलायचं ते विचारतं, तिथे वर्षाचा पर्याय घ्या. मग चलन शोधायला सांगेल. सीआयएन टाकून शोधलंत तर थेट तेच चलन येतं. वर्ष टाकून शोधायचं असेल तर चुकीचं वर्ष टाका, २०२४-२५, कारण चलन सध्या तिथे आहे. पुष्कळ जण इथे बरोबर वर्ष टाकतात आणि चलन नाहीच म्हणून परत फिरतात.

नवीन वर्ष २०२५-२६ निवडा, जुनं आणि नवं शेजारी दाखवणारा तक्ता नीट वाचा, आणि आधार ओटीपीने पडताळणी पूर्ण करा. पडताळणी अर्धवट राहिली तर अर्ज गेलेला नसतो. शेवटी ट्रान्झॅक्शन आयडी येतो, तो जपून ठेवा.

एका चलनाला ऑनलाइन दुरुस्ती एकदाच मिळते. म्हणून बटण दाबण्याआधी वर्ष दोनदा वाचा. घाईत २०२६-२७ निवडलंत तर पुढचा रस्ता फक्त अधिकाऱ्याकडे जातो.

---

शहापूरकर · दुपारी २.३०

२६एएस चं मान्य, माझी माहिती जुनी होती. पण एक सांगा. दुरुस्ती होईपर्यंत ऑगस्ट उजाडला तर कलम २३४ब चं व्याज वाढणार की. दर महिना एक टक्का म्हणजे थोडकं नाही.

---

चलनवाला_बेळगाव · दुपारी २.४५

दुरुस्तीत वर्ष बदलतं, भरल्याची तारीख बदलत नाही. पावतीवरची Tender Date २१ जुलै आहे, ती तशीच राहते आणि व्याज त्या तारखेपर्यंतच मोजलं जातं. परत भरले असते तर मात्र तारीख नवी पडली असती, म्हणूनही परत भरू नका म्हटलं.

---

उद्यमबाग_फाउंड्री · दुपारी ३.३०

माझा प्रश्न जरा उलटा आहे. १५ सप्टेंबरचा दुसरा हप्ता भरायचा आहे, ती कमाई यंदाची. मग कर निर्धारण वर्ष २०२६-२७ बरोबर ना? आणि मागच्या वर्षाचा उरलेला करही याच आठवड्यात भरायचाय.

---

सीए_टिळकवाडी · दुपारी ४.१०

बरोबर. यंदाचा अॅडव्हान्स टॅक्स म्हणजे २०२६-२७, मायनर हेड १००. मागच्या वर्षाचा राहिलेला कर म्हणजे २०२५-२६, मायनर हेड ३००. एप्रिलपासून रिटर्नच्या मुदतीपर्यंत ही दोन्ही वर्षं एकाच वेळी चालू असतात, म्हणून दोन भरणे एकाच बैठकीत करू नका. एक करा, पावती उतरवून वर्ष तपासा, मग दुसरा.

पावती आली की त्याच दिवशी तपासायची सवय लावा. सात दिवसांची मुदत खूप वाटते, पण लोक नोंद दिसायची वाट बघण्यात तेवढे दिवस घालवतात. एआयएसमध्ये यायला साधारण तीन-चार दिवस लागतात, कधी आठवडाही लागतो. म्हणजे एआयएस बघून चूक कळेपर्यंत मुदत संपलेली असू शकते. पावती तर पहिल्याच मिनिटाला खरं सांगते.

---

निपाणी_तंबाखू_बाजार · संध्याकाळी ५.००

मायनर हेडवर माझं जरा वेगळं मत आहे. एकाने एप्रिलमध्ये मागच्या वर्षाचा कर १०० खाली भरला, वर्ष बरोबर होतं. मी म्हटलं दुरुस्ती करूच नका. रिटर्नमध्ये कर भरल्याचा तक्ता मायनर हेड विचारतच नाही. बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक आणि रक्कम एवढंच मागतो. तारीख ३१ मार्चनंतरची असली की ती रक्कम आपोआप सेल्फ असेसमेंटमध्ये धरली जाते.

---

सीए_टिळकवाडी · संध्याकाळी ५.२५

बहुतेक वेळा जमा मिळते हे खरं. तरी तीस दिवसांच्या आत असाल तर दुरुस्त करून घ्यावं असंच मी सांगेन. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे.

---

निपाणी_तंबाखू_बाजार · संध्याकाळी ५.४०

पण दुरुस्ती एकदाच मिळते ना. जिथे अडत नाही तिथे ती खर्च करून टाकायची, हे मला पटत नाही. असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

---

हलशीची_माई · संध्याकाळी ६.१५

सात दिवस उलटून गेलेल्यांनी काय करायचं? माझ्या भाच्याने मार्चमध्ये अॅडव्हान्स टॅक्स भरला, वर्ष असंच चुकलंय. आत्ता कळलं.

---

चलनवाला_बेळगाव · संध्याकाळी ६.५०

माई, मग आपल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. साधं पत्र पुरतं: पॅन, चलनाचा बीएसआर कोड, तारीख, क्रमांक, रक्कम, चुकीचं वर्ष कोणतं, बरोबर कोणतं. सोबत पावती जोडायची. चुकीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये हे चलन वापरलेलं नाही, हे एका वाक्यात जरूर लिहायला सांगा, कारण अधिकारी आधी तेच तपासतात. वापरलं गेलेलं चलन हलवता येत नाही.

आणि आपल्या भागात एक गोष्ट आधी बघावी लागते, ती म्हणजे अधिकारी कोण. पत्ता खानापूरचा म्हणून बेळगावच्या ऑफिसात गेलं आणि फाइल तिथे नाहीच, असं होतं. पोर्टलच्या पहिल्या पानावर Know Your AO आहे. पॅन आणि मोबाइल नंबर टाकला की वॉर्ड आणि ईमेल दाखवतं.

---

निपाणी_तंबाखू_बाजार · संध्याकाळी ७.१०

हे निपाणी-चिकोडीकडे फारच होतं. पॅन काढला तेव्हा पत्ता कोल्हापूरचा, नंतर इकडे स्थायिक. आधारवर पत्ता बदलला, पॅनवरही बदलला, तरी अधिकारक्षेत्र आपोआप हलत नाही. ते कोल्हापूरलाच राहतं. आपण इकडे कर्नाटक-गोवा विभागात अर्ज देतो आणि तो तसाच पडून राहतो. भाच्याचा पॅन कुठे असताना काढलाय?

---

हलशीची_माई · संध्याकाळी ७.३०

पुण्याला नोकरीला होता तेव्हा.

---

निपाणी_तंबाखू_बाजार · संध्याकाळी ७.४०

मग बहुतेक पुण्याचा वॉर्ड दिसेल. अर्ज तिकडेच पाठवायला सांगा, ईमेलने गेला तरी चालतो. फक्त या एका चलनासाठी आधी पॅनचं अधिकारक्षेत्र हलवायला बसू नका. त्यात वेळ जातो आणि रिटर्नची तारीख जवळ येते.

---

घटप्रभा_पाटबंधारे · रात्री ८.२०

आमचं खातं सहकारी बँकेत. नेट बँकिंगच्या यादीत ती बँकच नाही. मित्राच्या खात्यातून भरलं तर चालेल काय ओ? नोंद कोणाच्या नावावर जाते?

---

सीए_टिळकवाडी · रात्री ८.४५

पैसे कोणत्या खात्यातून गेले यावर नोंद ठरत नाही, चलन कोणत्या पॅनवर काढलं यावर ठरते. पण त्यासाठी मित्राला गाठायची गरज नाही. चलन काढताना एनईएफटी/आरटीजीएस हा पर्याय घ्या. मँडेट फॉर्म निघतो, तो घेऊन तुमच्याच शाखेत जा. फॉर्मवर छापलेला खाते क्रमांक आणि आयएफएससी जसेच्या तसे भरायला सांगा, रक्कम रुपयाचाही फरक न करता. फरक पडला तर पैसे परत येतात.

इथे दोन ठिकाणी अडतं. चलनाचा क्रमांक निघाल्यापासून १५ दिवसच चालतो, त्यानंतर पाठवलेले पैसे स्वीकारले जात नाहीत. आणि भरल्याची तारीख म्हणजे रिझर्व्ह बँकेला पैसे पोचल्याची तारीख, तुम्ही शाखेत फॉर्म दिल्याची नव्हे. म्हणून हप्त्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी हा मार्ग धरू नका.

शाखेकडून यूटीआर क्रमांक घ्या. चलन Generated Challans मधून निघून Payment History मध्ये आलं की समजा पोचलं. तोपर्यंत यूटीआर हाच तुमच्या हातातला पुरावा.

---

उद्यमबाग_फाउंड्री · रात्री ९.००

मार्चअखेरीला पण पंधरा दिवस मिळतात काय?

---

सीए_टिळकवाडी · रात्री ९.१०

अॅडव्हान्स टॅक्सचं चलन १६ मार्च किंवा त्यानंतर काढलं तर ते ३१ मार्चपर्यंतच चालतं, पंधरा दिवस पूर्ण होवोत न होवोत. पुढे तो अॅडव्हान्स टॅक्स राहतच नाही ना.

---

मलप्रभा_काठ · २६ जुलै, सकाळी ८.३०

काल रात्री अर्ज टाकला. सीआयएनने शोधलं, चलन लगेच आलं. एआयएसमध्ये २०२३-२४ उघडून बघितलं तर १८,४६० तिथेच होते, चलनवाल्यांनी सांगितलं तसेच. ट्रान्झॅक्शन आयडी आला. आता रिटर्न लगेच भरू की दुरुस्ती होईपर्यंत थांबू?

---

शहापूरकर · सकाळी ९.००

थांबा. यंदा मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढलीय, घाई कशाला?

---

चलनवाला_बेळगाव · सकाळी ९.२५

शहापूरकर या वेळी बरोबर आहेत. मुदत हातात आहे तर थांबा. नोंद नसतानाही रिटर्नमध्ये चलनाचे आकडे हाताने भरता येतात, रिटर्न जमाही होतं. पण प्रक्रियेच्या वेळी ते चलन त्या वर्षात सापडलं नाही तर १८,४६० आणि वर व्याज अशी मागणी निघते. मग आधी दुरुस्ती, मग रिटर्नचं रेक्टिफिकेशन, असं काम वाढतं.

मुदतीचा शेवटचाच दिवस असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा आकडे हाताने भरून रिटर्न द्यावं, दुरुस्ती मागून होऊ द्यावी. उशिराच्या रिटर्नपेक्षा ते बरं.

हाताने भरताना चलन क्रमांक पाचही अंकांचा लिहा, 00417. एक्सेलमध्ये उतरवून घेतलेला असेल तर पुढची शून्यं गळून नुसता 417 राहतो आणि जुळणी फसते. बीएसआर कोडही सात अंकी, त्याच्याही सुरुवातीला शून्य असू शकतं. तारीख पावतीवरची घ्या, बँकेच्या पासबुकातली नको.

---

गोकाक_रिटायर्ड · दुपारी १२.१०

शाखेत जाऊन आलो. पॅनमधलं एक अक्षर चुकीचं नोंदलं होतं. विवरण दुरुस्त करून पाठवतो म्हणाले. फॉर्म १६ए त्यानंतर.

---

मलप्रभा_काठ · १ ऑगस्ट, सकाळी ९.१५

दुरुस्ती मंजूर झाली असं Challan Correction मध्ये दिसतंय. पण एआयएसमध्ये २०२४-२५ खाली अजून काही नाही, आणि २०२३-२४ मधूनही गेलेलं नाही. अर्ज फसला काय?

---

चलनवाला_बेळगाव · सकाळी ९.५०

फसला नाही. मंजुरी चलनावर झाली, एआयएसमध्ये ती मागाहून उतरते. Payment History मधून पावती परत उतरवा, त्यावर वर्ष बदललंय का बघा. रिटर्नच्या फॉर्ममध्येही आधीची माहिती साठून राहिलेली असू शकते, म्हणून अर्धवट ठेवलेला मसुदा काढून टाकून नव्याने सुरू करा.

---

मलप्रभा_काठ · ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

आज दोन्हीकडे बरोबर दिसलं. २०२३-२४ मधून गेलं, २०२४-२५ खाली Payment of Taxes मध्ये आलं, तारीख २१ जुलैच. नवीन मसुदा उघडल्यावर रक्कम आपोआप भरून आली. चलनवाले, सीए साहेब, मनापासून आभार.

---

हलशीची_माई · संध्याकाळी ७.०५

भाच्याचा वॉर्ड पुण्याचाच निघाला. ईमेल गेलाय, उत्तर अजून नाही. किती दिवसांनी आठवण करावी?

---

निपाणी_तंबाखू_बाजार · संध्याकाळी ७.४५

माई, पंधरा दिवस बघा. तोपर्यंत काही हललं नाही तर पोर्टलवर Grievances मध्ये तक्रार नोंदवायला सांगा आणि पहिला ईमेल त्याला जोडा. त्याने रिटर्न भरलंय की नाही अजून?

---

हलशीची_माई · संध्याकाळी ८.००

भरलं म्हणे जूनमध्येच. चलन त्यात दाखवलंय.

---

चलनवाला_बेळगाव · संध्याकाळी ८.२०

मग मागणीची नोटीस येऊ शकते, आली तर पैसे भरू नका. पोर्टलवर Response to Outstanding Demand मध्ये मागणी मान्य नाही असं नोंदवून चलनाचा तपशील द्यायचा. अधिकाऱ्याने वर्ष बदलल्यावर रेक्टिफिकेशनमध्ये Tax credit mismatch correction चा अर्ज टाकायचा, त्याआधी नको. आधी टाकला तर चलन अजून जुन्याच वर्षात सापडतं आणि तीच मागणी पुन्हा निघते.